आडव्या रेघांचे नऊ दिवस

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात, एका बुधवारी संध्याकाळी चारच्या सुमारास, जळगावात रुपचंदच्या ऑफिसातला संगणक अडला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की शून्याने भागता येत नाही. आणि त्यानंतर कुठलीही कळ दाबली तरी तो ढिम्म हलेना.

लताबाई सोनवणे समोर बसल्या होत्या. वय चाळीस, संख्याशास्त्रातली पदवी, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या. रुपचंद हा मुंबईच्या एका दलालाचा इथला माणूस. त्याच्या गच्चीवर उपग्रहाची मोठी छत्री बसली, खाली शेअर बाजाराचा पडदा चालू झाला, आणि आकडे नीट लिहून ठेवणारं कुणीतरी हवं म्हणून त्याने लताबाईंना बोलावलं. बाजार साडेतीनला बंद झाला की वीसेक कंपन्यांचे दिवसाचे आकडे त्या संगणकात भरायच्या: उघडला कितीला, वर कुठवर गेला, खाली कुठवर आला, बंद कितीला झाला आणि किती शेअर हातोहात फिरले. मग आलेखाच्या कागदावर प्रत्येक कंपनीची त्या दिवसाची मेणबत्ती काढायच्या: उघडल्या आणि बंद भावांमधलं जाड अंग, वरच्या-खालच्या भावापर्यंत बारीक वात; भाव चढला तर हिरवी, पडला तर लाल. कागदाच्या तळाशी दोन-तीन हिशेबाचे आकडे. तो ताव दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याच्या गिऱ्हाइकांकडे जायचा, कारण लताबाईंचे यजमान वनाजी जळगाव-धुळे गाडीवर ड्रायव्हर होते.

"रुपचंदभाऊ, हे बंद पडलं."

रुपचंद खुर्ची सरकवत आला. "काय भरलं शेवटी?"

"नीलकांत इन्फोटेक. उघडला चौपन्नला. वर चौपन्न. खाली चौपन्न. बंद चौपन्न."

"मग बरोबर आहे. वरचं सर्किट लागलं ना आज."

त्या काळी कुठलाही शेअर आदल्या दिवसाच्या बंद भावापासून एका दिवसात आठ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नसे आणि आठ टक्क्यांच्या खालीही येऊ शकत नसे. हेच ते सर्किट, म्हणजे भावाची वेस. नीलकांत काल पन्नासला बंद झाला होता. सकाळी कुणीतरी बातमी आणली की कंपनीला परदेशातलं मोठं काम मिळालंय. बाजार उघडता उघडता भाव चौपन्नच्या वेशीला जाऊन भिडला आणि तिथेच अडकला. घ्यायला शेकडो तयार, विकायला जवळजवळ कुणी नाही. दिवसभरात दुसरा भावच झाला नाही.

"प्रोग्राम वरच्या भावातून खालचा वजा करतो आणि त्याने भागतो," लताबाई म्हणाल्या. "इथे वजाबाकी शून्य."

"मग खालचा भाव पाच पैशांनी कमी टाका. त्रेपन्न पंच्याण्णव. पुढे चला."

त्यांनी तसं टाकलं आणि संगणक चालू झाला. माल कोण गोळा करतंय आणि कोण काढून टाकतंय हे दाखवणारी एक रेघ त्या प्रोग्राममध्ये होती, ती वर सरकली. लताबाईंचा हात मात्र कळीवरच राहिला. सहज म्हणून त्यांनी खालचा भाव पुन्हा चौपन्न केला आणि वरचा पाच पैशांनी वाढवला. रेघ खाली आली. तेवढ्याच आकड्याने.

"भाऊ, हे बघा की! पाच पैसे खाली टाकले तर प्रोग्राम म्हणतो, सगळा माल घेणाऱ्यांनी गोळा केला. पाच पैसे वर टाकले तर म्हणतो, सगळा माल काढून टाकला. दिवस एकच, आणि पाच पैसे तर आपण मनाचे घातलेले."

"खालीच टाका," रुपचंद हसून म्हणाला. "चढतोय ना शेअर." आणि तो फोन घ्यायला उठला.

त्या संध्याकाळी लताबाईंनी कागदावर नीलकांतची मेणबत्ती काढायला घेतली, तर काढायला मेणबत्तीच नव्हती. अंग नाही, वात नाही. नुसती एक आडवी रेघ, कालच्या मेणबत्तीच्या पार वर, अधांतरी. गुरुवारी तशीच दुसरी, अठ्ठावन्न तीसवर. शुक्रवारी तिसरी. शनिवार-रविवार बाजार बंद. सोमवारपासून पुन्हा रेघा. पुढच्या गुरुवारी सातवी रेघ पंच्याऐंशी पन्नासवर काढली तेव्हा तो आलेख भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांसारखा दिसायला लागला होता.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. धुळ्याहून इंदिराबाई देवरे बोलत होत्या. एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पेन्शनमधली थोडी रक्कम त्या शेअरात घालायच्या, पण त्यांना खरी गोडी होती ती ताव वाचण्यात. घरी फोन नव्हता. देवपुरातल्या आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या एसटीडी बूथवरून त्या फोन करायच्या आणि मीटरकडे डोळा ठेवून बोलायच्या.

"लताबाई, तुमचा ताव मिळाला. नीलकांतचे अकराशे शेअर लावायला सांगा रुपचंदला. मिळतील त्या भावाला."

"अकराशे, बाई?"

"नियमाने तेवढेच येतात. दोन हजारांहून जास्त धोका घ्यायचा नाही, आणि शेअर रोज सरासरी जेवढा हलतो त्याच्या दुप्पट खाली आला की बाहेर पडायचं. तुम्ही सरासरी रेंज लिहिलीय नव्वद पैसे. दुप्पट एक रुपया ऐंशी. दोन हजारांना एक-ऐंशीने भागा. अकराशे अकरा."

"हो, बरोबर आहे."

"भागाकार बरोबर आहे हो. पण मला एक समजत नाही." मुख्याध्यापिकेचा आवाज जरा खाली आला. "पंधरवड्यापूर्वी हाच शेअर पन्नासच्या आसपास डुलत होता, तेव्हा तुम्ही रेंज लिहिली होती एक-ऐंशी. आता सात दिवसांत तो पन्नासाचा पंच्याऐंशी झाला आणि तुमचा ताव म्हणतो तो निम्म्याने शांत झालाय. हे कसं?"

लताबाईंनी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. मग म्हणाल्या, "मला बघावं लागेल, बाई."

"बघा. तोवर ऑर्डर लावून ठेवा. नियम तो नियम." आणि मीटर पुढे गेलं असावं, कारण फोन कट झाला.

रुपचंदने ब्याण्णव तीसला अकराशेची ऑर्डर टाकली. ती लागणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. पडद्यावर खाली एकूण मागणीचा आकडा दिसायचा: पाच लाख दहा हजार शेअर घेणाऱ्यांची रांग. विकणाऱ्यांच्या बाजूला शून्य. अकराशे त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

ऑफिसात भिंतीला टेकून एक बाक होता. त्यावर रोज अकरा ते साडेतीन उखर्डू नाना बसायचे. ते शिरपूरकडचे. कापूस खरेदी केंद्रावर तीस वर्षं प्रतवारीचं काम केलेलं. कापसाच्या पुंजक्याला चिमटा काढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस. आता लेकीकडे जळगावात राहायचे. त्यांच्याकडे एकही शेअर नव्हता. आकडे हलताना बघायला त्यांना आवडायचं, एवढंच.

"काय शे हाई, लतामाय?" त्यांनी विचारलं. "सकाळपाईन तोंड उतरेल दिखी ऱ्हायनं."

लताबाईंनी आलेख त्यांच्यापुढे धरला. "नाना, हा शेअर रोज वेशीला भिडतो आणि तिथेच थांबतो. रोज चाळीस-पंचेचाळीस हजार शेअर फिरायचे याचे. पहिल्या दिवशी फिरले एकवीसशे. मग नऊशे, सहाशे, चारशे. काल तीनशे. पुस्तकात लिहिलंय, भाव चढताना फिरणारा माल कमी होत गेला तर चढण पोकळ आहे, विकून टाका."

नानांनी चष्मा वर केला. "केंद्रावर भाव कोन ठरावे?"

"सरकार."

"मंग भाव दखीसन काय समजनार? भाव ते बांधेल शे. ज्या साले बाहेरना व्यापारी जास्ती पैसा देयेत, त्या साले आम्हना काटावर दिनभरमां चार गाड्या. चार! मंग त्या साले कापसाले मागणी नव्हती का?"

लताबाईंनी मान वर केली.

"मागणी बठ्ठी बाहेर होती," नाना म्हणाले. "काटावर नुसता तोल दखाय. आनि ज्या साले बाहेर भाव पडे, त्या साले गाड्यास्नी रांग नदीपावत. तोल तरी तितलाच, कारन काटा एकच. तोल नको दखू, माय. रांग कितली शे ते दख."

लताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पाच लाख दहा हजार. रोज तो आकडा डोळ्यांसमोर होता आणि भरायच्या पाच रकान्यांत त्याला जागा नव्हती म्हणून त्यांनी तो कधी लिहिलाच नव्हता. तीनशे शेअर फिरले, कारण विकायला तीनशेच आले. वेशीला भिडलेल्या शेअरचा फिरलेला माल मागणी मोजतच नाही. जी बाजू दुर्मीळ असेल, तिची तेवढी डोकी मोजतो. वरच्या वेशीला विकणाऱ्यांची. खालच्या वेशीला घेणाऱ्यांची.

त्यांनी आलेखाच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'रांग'. त्या दिवशी सात हजार शेअर फिरले. तीनशेवरून सात हजार. बाजार बंद होताना रांग साडेचार लाखांवर आलेली.

रविवारी दुपारी वनाजींना सुट्टी होती. ते ओसरीत आडवे झाले होते आणि लताबाई जेवणाची ताटं तशीच ठेवून कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या होत्या. रुपचंदने शिकवलं होतं की दिवसाची रेंज म्हणजे वरचा भाव वजा खालचा. तेच त्या वर्षभर करत आल्या होत्या आणि वर्षभर ते चालूनही गेलं होतं. संगणकात पाच पैसे मनाचे घातले तरी हाताच्या तावावर त्यांनी खरं तेच लिहिलं होतं: शून्य, शून्य, शून्य. चौदा दिवसांच्या सरासरीत सात जुने दिवस एक-ऐंशीचे आणि सात नवे शून्याचे. नव्वद पैसे. गणित अगदी चोख.

"अहो, एक विचारू?"

"हं."

"तुमची गाडी पारोळ्याला थांबली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला थेट धुळ्याच्या स्टँडवर उभी पाहिली. दोन्ही वेळा ती जागची हललेली मला दिसली नाही. मग ती चाललीच नाही म्हणायचं?"

वनाजींनी डोळे न उघडता विचारलं, "डिझेल कोणी भरलं मग?"

लताबाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. शेअर चालला होता तो बाजार बंद असताना, आदल्या दिवसाच्या बंद भावापासून दुसऱ्या दिवशीच्या उघडण्यापर्यंत. ते अंतर मोजायला हवं होतं. रुपचंदकडच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स त्यांनी पिशवीतून काढली आणि त्यातलं तेच पान पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. वरचा-खालचा फरक, कालच्या बंदपासून वरपर्यंतचं अंतर, कालच्या बंदपासून खालपर्यंतचं अंतर, या तिन्हींत जे मोठं ते घ्या. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. सोपं म्हणून रुपचंदने पहिला तुकडा घेतला होता, आणि त्यांनी तो तपासला नव्हता.

नव्याने हिशेब केला. चार रुपये, चार-तीस, चार-पासष्ट, पाच, पाच-चाळीस, पाच-पंच्याऐंशी, सहा-तीस. गुरुवारपर्यंतची सरासरी आली तीन रुपये चव्वेचाळीस पैसे. त्यांनी पाठवलेल्या आकड्याच्या जवळजवळ चौपट. इंदिराबाईंच्या नियमाने अकराशे नव्हे, तीनशेच्याही आतच शेअर येत होते.

पण हिशेब संपला नव्हता, म्हणून त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. काहीतरी ओळखीचं होतं त्यात. प्रत्येक आकडा त्यांनी आदल्या दिवसाच्या भावाने भागला. आठ टक्के. आठ टक्के. आठ टक्के. थोड्या पैशांचा फरक, बस.

म्हणजे हीसुद्धा शेअरची चाल नव्हतीच. त्यांनी वेशीची उंची मोजली होती. वेस नसती तर तो पहिल्याच दिवशी सत्तरला गेला असता, की नव्वदला, की चौपन्नला जाऊन परत आला असता? तावावर ते कुठेच नव्हतं. शून्य तर खोटंच होतं. तीन-चव्वेचाळीस त्यापेक्षा खरं, पण तेही इतकंच सांगत होतं की निदान एवढं तरी. आणि नियमातलं दुसरं कलम? पंच्याऐंशी-पन्नासपासून एक-ऐंशी खाली, त्र्याऐंशी-सत्तरला बाहेर पडायचं. पण खालची वेस लागली तर शेअर एका उडीत अठ्ठ्याहत्तर-सत्तरला जाऊन बसेल. त्र्याऐंशी-सत्तर हा भाव मधे येणारच नाही. घ्यायला कुणी नसेल तर बाहेर पडायचं म्हणजे कुणाला विकायचं?

वनाजी उठून बसले तेव्हा ताटं तशीच होती. त्यांनी ती मुकाट्याने उचलली.

सोमवारी सकाळी रुपचंदला त्यांनी कागद दाखवला. तो वाचताना त्याच्या भुवया जवळ आल्या.

"चूक माझी," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं तसं करायला."

"चूक दोघांची. पण आधी बाईंची ऑर्डर काढा."

"ती कशी काढू? त्यांची ऑर्डर आहे. मी आपल्या मनाने काढली आणि शेअर दीडशेला गेला, तर? त्यांना विचारा, त्या हो म्हणाल्या की एका मिनिटात काढतो." रुपचंद या बाबतीत कडक होता आणि लताबाईंना त्याचं तेच आवडायचं. त्या दिवशी मात्र नाही आवडलं.

बाजार उघडला. नववी रेघ, नव्याण्णव पासष्ट. अकराशेची ऑर्डर पुन्हा रांगेत उभी राहिली. लताबाईंनी रकान्यात लिहिलं: दहा वाजता रांग साडेतीन लाख. मग धुळ्याच्या बूथचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा. व्यस्त. अकरा वाजता बूथवाल्याने उचललं, बाईंना निरोप देतो म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही.

दर अर्ध्या तासाला त्या आकडा लिहीत होत्या. साडेअकरा, तीन लाख. बारा, दोन लाख वीस हजार. फिरलेला माल मात्र एकोणीस हजार.

नाना बाकावरून पुढे वाकले. "काय व्हई ऱ्हायनं?"

"नाना, रांग एक लाख तीस हजारांनी कमी झाली. पण माल फिरला एकोणीस हजार. बाकीचे गेले कुठे?"

नाना खुशीत हसले. हे त्यांच्या ओळखीचं होतं. "रिकाम्या गाड्या! आम्हना आठे व्यापारी वीस-वीस गाड्या उभ्या करेत. वर कापूस, खाले तुराट्या. रांग मोठी दिखे. काटा जवळ उना का गाडी फिराई लेत." त्यांनी हाताने बैल वळवल्यासारखं केलं. "रांग बी खोटी ऱ्हास, माय. उभी शे तठलोंग नको दख. कव्हय निंघी जास, ते दख." रांग उभी किती ते नव्हे, सुटते कधी ते बघायचं, हे लताबाईंनी रकान्याच्या कडेला टिपलं.

दीड वाजता रांग एक लाख चाळीस हजार. विकायला माणसं येत होती, पाचशे, हजार, दोन हजार. संगणकातली ती माल गोळा करणारी रेघ, पाच पैशांच्या आधारावर, प्रत्येक शेअर घेणाऱ्यांच्या खात्यात मांडून सरळ आभाळाकडे निघाली असती. कुणी आत्ता आकडे भरले असते तर प्रोग्राम ओरडून म्हणाला असता, घ्या. आणि वेशीला भिडलेल्या शेअरचा माल वाढतोय याचा अर्थ इतकाच होता की विकणारे जागे झालेत.

दोन वाजून दहा मिनिटांनी रुपचंद म्हणाला, "लताताई, बाईंचे साठ लागले."

लताबाई खुर्चीतून उठल्या. आठ दिवस ज्या रांगेत पुढच्या मोजक्यांखेरीज कुणालाच शेअर मिळत नव्हता, तिच्या शेपटाला उभ्या असलेल्या माणसाला तो मिळायला लागला होता. मिळतोय, म्हणूनच तो नको होता.

"भाऊ, काढा ती."

"विचारा त्यांना. मी इथे बोट ठेवून बसलोय."

एकशे दहा. एकशे साठ. फोन वाजला.

"इंदिरा देवरे बोलतेय. वाचनालयात होते. काय एवढं तातडीचं?"

लताबाई सकाळपासून मनात जुळवलेलं सगळं भाषण विसरून गेल्या. "बाई, तुम्ही शुक्रवारी विचारलंत ना, शांत कसा म्हणून? तो शांत नव्हता. मी चुकीची वजाबाकी केली होती. खरा आकडा चौपट आहे. आणि तोही पुरता खरा नाही. आणि तुमची ऑर्डर आत्ता लागतेय."



"चौपट म्हणजे शेअर पावपट," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दोनशे ऐंशीच्या आसपास. किती लागले?"

"दोनशे."

"उरलेले काढा."

रुपचंदने बोट दाबलं. नऊशे शेअरांची ऑर्डर पडद्यावरून गेली. साडेतीनला रांग उरली चाळीस हजार, दिवसभरात माल फिरला चौसष्ट हजार.

मंगळवारी नीलकांत वेशीत न अडकता उघडला. दोन आठवड्यांनी लताबाईंना त्याची खरी मेणबत्ती काढायला मिळाली: वर एकशे चार, खाली एक्याण्णव-सत्तर, बंदही तिथेच. लाल, लांब, अंग भरलेली. तीन लाखांवर शेअर फिरले. बुधवारी खालची वेस, चौऱ्याऐंशी-चाळीस, आणि दिवसभर एकच भाव. गुरुवारी सत्त्याहत्तर-पासष्ट. परदेशातल्या कामाची बातमी अर्धीच खरी होती, असं मग कळलं. आता आडव्या रेघा उलट्या, जिना उतरल्यासारख्या. फिरलेला माल पाचशे, मग चारशे.

शुक्रवारी शिरपूरचे एक डॉक्टर ऑफिसात येऊन आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "विक्री आटली की! माल फिरतच नाही. आता घ्यायला हरकत नाही."

लताबाईंनी कागद त्यांच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीच्या रकान्यावर टोक टेकवलं. विकणाऱ्यांची रांग दोन लाख ऐंशी हजार. डॉक्टरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाकावर नानांशेजारी बसून ते बघत राहिले.

मंगळवारी शेवटच्या मिनिटांत भाव कोसळून थेट खालच्या वेशीला भिडला होता, त्यामुळे इंदिराबाईंच्या दोनशे शेअरांना बाहेर पडायला आठवडा गेला. वेस सुटली त्या दिवशी सदुसष्टला विकले गेले. लताबाईंनी ठरवलं की हे फोनवर सांगायचं नाही. शनिवारी सकाळी त्या वनाजींच्याच गाडीने धुळ्याला गेल्या, एरंडोल, पारोळा करत, मांडीवर गुंडाळलेले आलेख घेऊन. ड्रायव्हरची बायको म्हणून कंडक्टरने तिकीट काढायला नको म्हटलं, त्यांनी काढलं.

देवपुरातल्या त्या घरात मोठं टेबल होतं आणि टेबलावर शाळेच्या सवयीने लाल शाई, निळी शाई, पट्टी, सगळं ओळीने. इंदिराबाई ठेंगण्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. फोनवरच्या आवाजावरून लताबाईंना त्या उंच वाटल्या होत्या.

"बाई, तुमचं नुकसान माझ्या आकड्यामुळे झालं."

"झालं," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि नऊशे शेअरांचं झालं नाही, तेही तुमच्याचमुळे. मी शुक्रवारी शंका विचारली आणि उत्तराची वाट न बघता ऑर्डर लावली. वर्गात एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभं केलं असतं. बसा. चहा ठेवते. तो कागद पसरा."

लताबाईंनी कागद पसरला आणि सगळं सांगितलं: पाच पैशांची गंमत, नानांच्या गाड्या, आठ टक्के-आठ टक्के येणारा भागाकार. इंदिराबाई मधेच उठून चहा गाळून आल्या, मधेच पट्टीने रेघांमधली अंतरं मोजत राहिल्या.

"मग वेस नसती तर पहिल्या दिवशी कुठवर गेला असता?"

"माहीत नाही, बाई. तेच तर डोक्यातून जात नाही. रांगेवरून अंदाज करावा तर रांगेत रिकाम्या गाड्या."

"माहीत नाही, हे उत्तर तावावर लिहिता येईल का?"

लताबाईंनी एका रेघेवर बोट ठेवलं. "वेशीला अडकलेल्या दिवसाची रेघ तुटक काढता येईल. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा मोजलेला भाव नाही, अडवलेला आहे. आणि सरासरी रेंजपुढे लिहायचं, 'निदान'."

"निदान साडेतीन रुपये. छान." इंदिराबाईंनी पट्टी बाजूला ठेवली. "पण नऊ तुटक रेघा म्हणजे नऊ वेळा एकच गोष्ट सांगणं नाही का? बाजाराच्या मनात हा एकच दिवस होता. तो वेशीमुळे नऊ तुकड्यांत आला. पन्नासला सुटला आणि दहाव्या दिवशी मोकळा झाला. मग याची एकच मेणबत्ती काढून बघू या का?"

"एकच?"

"खाली पन्नास, वर एकशे चार. दहा दिवसांचा माल एकत्र."

लताबाईंनी गुंडाळीतून रेघांआधीचा, वर्षभराच्या मेणबत्त्यांचा कागद काढला आणि पेन्सिल घेतली. पन्नासवर खूण केली आणि रेघ वर न्यायला लागल्या, तर ती पंचाण्णवला कागदाच्या टोकाला जाऊन भिडली. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या मेणबत्त्या तिच्यापुढे तिळाएवढ्या दिसत होत्या.

"पुरत नाही," त्या म्हणाल्या.

इंदिराबाई उठल्या, कपाटातून आलेखाचा दुसरा कागद आणि डिंकाची बाटली घेऊन आल्या. दोघींनी मिळून कागदाची वरची कड जुळवली, चौकटी एकमेकींवर नीट बसवल्या आणि डिंक वाळेपर्यंत तळव्याने दाबून धरलं.

"आता हिचा माल मांडायचा कसा?" लताबाई म्हणाल्या. "नऊ दिवस नुसते विकणारे मोजलेत, आणि दहाव्या दिवशी दोघेही."

"हा प्रश्न चांगला आहे," इंदिराबाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. "तुमची परतीची गाडी किती वाजता?"